सव्वानऊ घरांची पाटी

दुकानाच्या पाटीचं अक्षर शिकवताना माझे वडील, अण्णा, 'अ'पासून सुरुवात करत नाहीत, दांड्यापासून करतात. वरून खाली, सरळ, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका जाडीचा दांडा. माझ्या मुलीने दहावीची परीक्षा संपल्यावर त्यांच्याकडे पाट्या रंगवायला शिकायचा हट्ट धरला, तेव्हा पहिले कित्येक दिवस तिने दांड्यांशिवाय काही काढलं नाही. त्यासाठी अण्णांनी तिला वर्तमानपत्रातलं छोट्या जाहिरातींचं पान दिलं. ते पान आडवं फिरवलं की रकाने आडवे होतात, आणि दोन रकान्यांमधल्या रेघा वहीच्या रेघांसारख्या वापरता येतात. काळा पोस्टर रंग, चपटा ब्रश, आणि एका रकान्यात ओळीने दांडे.

देवनागरीची बरीच अक्षरं दांड्याला टेकून उभी असतात. ग, त, प, य, स यांचा दांडा उजवीकडे असतो, क आणि फ यांचा मधोमध. द, र, ट, ड, ह यांना पूर्ण दांडा नसतो आणि पाटीवर हीच अक्षरं जास्त छळतात, त्याबद्दल पुढे सांगते. पण पाटी लांबून बघणाऱ्याला आधी दिसतात ते दांडे. एक जरी कलला, तरी काय बिघडलंय ते न कळताही डोळ्याला खुपतं.

मुलीचे दांडे सुरुवातीला खाली जाड व्हायचे. अण्णांनी कागदाकडे पाहिलंच नाही, तिच्या मनगटाकडे पाहिलं. हात खाली येताना ती मनगट मोडत होती, त्यामुळे शेवटी ब्रशवर दाब वाढून केस पसरत होते. "मनगट बंद ठेव, कोपर खाली ने," एवढंच ते म्हणाले. मग त्यांनी आपली काठी तिच्या हातात दिली. हातभर लांब काठी, एका टोकाला चिंधीचा गोळा बांधलेला. डाव्या हातात काठी धरायची, गोळा पाटीवर टेकवायचा आणि उजवा हात काठीवर ठेवायचा. असं केलं की हाताला आधार मिळतो, आणि खालच्या ओल्या रंगाला बोट लागत नाही. ती काठी मी लहानपणापासून बघत आलेय. तिच्यावर अण्णांचं मनगट टेकतं तिथे लाकूड गुळगुळीत झालंय. माझ्या मुलीचा हात लहान आहे, म्हणून ती दोन बोटं अलीकडे धरते.

दांडे जमू लागले तशी आडवी रेघ आली, मग अर्धगोल. अर्धगोलाला ब्रश नुसता फिरवून चालत नाही. चपट्या ब्रशची कड वळणावर कुठे तोंड करते त्यावर रेघेची जाडी ठरते, म्हणून ब्रशची दांडी अंगठा आणि दोन बोटांमध्ये हळूहळू लाटत न्यावी लागते. हे सांगून येत नाही. अण्णांनी तिचा हात धरून ते केलं, आणि तिने बोटांनीच ते ओळखलं.

एवढ्यात ओळखीच्या एका सायकलवाल्यांचा निरोप आला. त्यांच्या दुकानाची पाटी अण्णांनीच फार पूर्वी रंगवली होती. आता ती गंजली होती, पत्रा मात्र धड होता. त्यांना तीच पाटी नव्याने हवी होती. मजकूर दोन शब्दांचा: सायकल दुरुस्ती. अण्णा म्हणाले, "ही हिला करू दे, मी बसतो बाजूला."

पत्रा सहा फूट रुंद, दोन फूट उंच. म्हणजे बहात्तर इंच बाय चोवीस इंच. जुना सुटलेला रंग खरवडून काढला, गंजाच्या जागा पॉलिश पेपरने घासल्या आणि त्यावर रेड ऑक्साइड लावलं. पत्रा नवा असता तर अण्णा वेगळं वागले असते. जस्ताचा मुलामा असलेल्या कोऱ्या पत्र्यावर तेलाचा रंग थेट लावला, तर जस्ताशी त्याची प्रक्रिया होऊन मधे साबणासारखा थर तयार होतो आणि पुढेमागे रंगाच्या पोपड्या निघतात. त्यासाठी वेगळा प्रायमर लागतो. इथे तो प्रश्न नव्हता. पिवळ्या इनॅमलचे दोन हात दिले. दुसऱ्या दिवशी पत्रा बोटाला कोरडा लागत होता, तरी अण्णांनी मुलीला पुढे जाऊ दिलं नाही. त्यांनी कोपऱ्यात नख दाबून दाखवलं. नखाचा वण उमटला. वण उमटेनासा होईपर्यंत थांबायचं, असं ठरलं.

या थांबण्याचं कारण मला लहानपणी कधी कळलं नव्हतं. वरचं अक्षर चुकलं तर ते ओलं असतानाच टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसतात. खालचा रंग पुरता कडक झालेला असेल, तर फडक्याबरोबर फक्त वरचा काळा रंग निघतो. तो कच्चा असेल, तर टर्पेंटाइन त्यालाही विरघळवतं आणि पिवळ्यात काळा मिसळून तिथे शेवाळी डाग पडतो. मग तेवढा भाग पुन्हा रंगवा, पुन्हा वाळवा. घाई केली तर पुसायची सोय जाते, आणि शिकणाऱ्याला ती सोय सगळ्यात जास्त लागते.

पत्रा वाळत होता त्या दिवसांत आखणी झाली. मला सगळ्यात आवडलेला भाग हाच.

मुलीने सरळ हिशेब मांडला होता. दोन शब्द, मधे फट, म्हणून फट पत्र्याच्या मध्यावर, छत्तीस इंचांवर. कागदावर तिने तसं लिहूनही पाहिलं. 'सायकल' दाटीवाटीने बसला आणि 'दुरुस्ती' ऐसपैस पसरली. दोन्ही शब्द वेगवेगळ्या माणसांनी लिहिल्यासारखे दिसत होते. अण्णांनी तो कागद बाजूला ठेवला आणि तिला घरं मोजायला लावली.

घर म्हणजे एका साध्या अक्षराची रुंदी, त्याच्या बाजूच्या मोकळ्या जागेसकट. 'स'ला एक घर. त्याच्या कान्याला अर्धं. 'य'ला एक. 'क' दोन्ही बाजूंना पसरतो म्हणून सव्वा. 'ल'ही सव्वा. इथे 'सायकल'ची पाच घरं झाली. शब्दांमधल्या फटीला पाऊण. मग 'दु'ला पाऊण, 'रु'ला पाऊण, अर्ध्या 'स्'ला अर्धं, 'त'ला एक आणि वेलांटीच्या दांड्याला अर्धं. 'दुरुस्ती'ची साडेतीन. एकूण सव्वानऊ घरं. दोन्ही कडांना साधारण चार-चार इंच सोडायचे, म्हणजे उरले चौसष्ट. त्याला सव्वानऊने भागलं की घर येतं सात इंचांच्या आसपास. अण्णांनी सात धरले आणि कडेची जागा किंचित कमी केली.

आता पत्र्याचा मध्य कुठे येतो? मुलीने मोजलं. मध्य फटीत येत नव्हता, 'ल'मध्ये येत होता, त्याच्या दांड्याकडच्या बाजूला. फट मध्यापासून पाच इंच उजवीकडे सरकली होती. तिला हे पटेना. तिने पट्टी लावून पुन्हा मोजलं, मग खडूने हलक्या खुणा करून लांब जाऊन उभी राहिली, आणि परत येऊन फटीची जुनी खूण पुसून टाकली.

उंचीचा हिशेब आणखी मजेदार आहे. रोमन अक्षरांचा पेंटर दोन रेघा आखून त्यात मोठी अक्षरं भरू शकतो. आपल्याकडे शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. या पाटीवर वर जाणारी खूण एकच, 'ती'ची दीर्घ वेलांटी. खाली उतरणारी खूणही एकच, 'दु'चा उकार. 'रु'चा उकार खाली लटकत नाही, तो 'र'ला कमरेशी उजवीकडून चिकटतो. म्हणजे एका वेलांटीसाठी आणि एका उकारासाठी पूर्ण पाटीभर वरखाली जागा सोडायची. वेलांटीला चार इंच आणि तिच्या वर तीन मोकळे. उकाराला चार आणि त्याच्या खाली तीन मोकळे. चोवीसांतून चौदा गेले. अक्षराच्या अंगाला उरले दहा इंच.

मुलगी म्हणाली, "आजोबा, 'सायकल'च्या वर केवढी जागा रिकामी राहतेय! तिथे सायकलचं चित्र काढू?" पुष्कळ पेंटर तेच करतात, किंवा तिथे फोन नंबर घालतात. अण्णा नको म्हणाले. वेलांटी एकटीच वर जाते, तिच्या शेजारी काही नसलं तरच ती नीट दिसते, आणि घाईतल्या माणसाला 'ती' आणि 'ता'मधला फरक त्या वेलांटीवरूनच कळतो. मला वाटतं, संगणकावर केलेल्या फ्लेक्सच्या पाट्या इथेच फसतात. मजकूर मोठा दिसावा म्हणून अक्षर इतकं ताणतात की वेलांट्या कडेला घासतात, आणि उकार तर कधी कधी चौकटीत अर्धा कापलेला असतो.

सायकलवाल्यांच्या चिठ्ठीत 'दुरूस्ती' लिहिलं होतं, दीर्घ 'रू'. अण्णांनी काही न बोलता मुलीला कोश आणायला सांगितला. शब्द 'दुरुस्ती' असाच आहे, दोन्ही उकार ऱ्हस्व. अण्णांचं शिक्षण सातवीपर्यंतचं, पण शंका आली की कोश उघडायचा ही त्यांची जुनी सवय. पाटी रोज शेकडो लोक वाचतात आणि शाळेत जाणारी मुलं ती बघून लिहायला शिकतात, असं ते म्हणतात. चुकीची पाटी त्यांनी गिऱ्हाइकाच्या आग्रहानेही रंगवल्याचं मला आठवत नाही. ते गिऱ्हाइकाला कोश दाखवायचे.

'ल'चीही गोष्ट सांगायला हवी. मराठीचा ल दोन पाकळ्यांचा. हिंदी छपाईतला ल वेगळ्या वळणाचा असतो, आणि बऱ्याच संगणकी फॉन्टमध्ये तोच येतो. महाराष्ट्र शासनाने २००९ साली मराठीसाठी लिपीचं प्रमाणीकरण केलं, तेव्हा पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हीच रूपं ठरवली. अण्णांनी हा निर्णय वाचलेला नाही. त्यांचा ल नाटकांच्या जाहिरातींतून आला आहे. तरुणपणी ते वर्तमानपत्रातल्या नाट्य-जाहिराती कापून एका वहीत चिकटवत, आणि त्यांतली कमल शेडगे यांच्या हातची नावं मेणकागदावर गिरवत. त्या वहीची पानं आता सुटी झाली आहेत. मुलीने 'ल'च्या दोन्ही पाकळ्या सारख्या काढल्या, तर तो आडवा पडल्यासारखा दिसत होता. अण्णांनी डावी पाकळी किंचित लहान केली आणि तो उभा राहिला.

मग दोरा मारला. सुतळीला खडू घासून ती दोन टोकांना ताणून धरायची आणि मधोमध चिमटीत उचलून सोडायची. पत्र्यावर सरळ पांढरी रेघ उमटते. चार रेघा मारल्या: शिरोरेघेची वरची कड, खालची कड, अक्षराचा तळ आणि उकाराची हद्द. शिरोरेघेची जाडी सव्वा इंच, दांड्याची दीड. मुलीने विचारलं, दोन्ही सारख्या का नाहीत? अण्णांनी कागदावर दोन्ही दीड-दीड इंचांच्या काढून दाखवल्या. आडवी रेघ जाड दिसत होती, आणि सगळं अक्षर तिच्या वजनाखाली दबल्यासारखं वाटत होतं. डोळा आडव्या रेघेला उभीपेक्षा जाड समजतो, म्हणून ती थोडी बारीक ठेवायची.

खडूने अक्षरं आखली तेव्हा घरांचा हिशेब काही ठिकाणी मोडावा लागला. अण्णांचं शिकवणं मला इथे सगळ्यात खोल वाटलं. 'सा'मध्ये दोन दांडे शेजारी उभे राहतात. दोघांमधली जागा मोजून बरोबर असली, तरी लांबून तिथे काळी पट्टी दिसते. तिथला काना अर्धा इंच पुढे सरकवला. उलट 'दु' आणि 'रु' यांना पूर्ण दांडा नाही, त्यांच्या अंगाला खाली मोकळी पोकळी राहते, त्यामुळे हिशेबाने ठेवलेली जागाही जास्त वाटते. 'रु' पाऊण इंच 'दु'च्या जवळ घेतला. तरीही 'दु' आणि 'रु'मध्ये भोक पडल्यासारखं दिसत होतं. अण्णांनी 'द'ची शेपटी थोडी लांबवून 'र'च्या पोटाकडे वळवली, आणि ते भोक बुजलं.

हे दिसायचं कसं? अण्णा डोळे बारीक करून बघतात. अक्षरं पुसट होतात आणि फक्त काळं-पिवळं उरतं. जिथे काळं साचलंय किंवा पिवळं सांडलंय ती जागा कळते. दुसरा उपाय म्हणजे पाटी उलटी करणं. उलट्या पाटीवर शब्द वाचता येत नाही, म्हणून डोळा अर्थ सोडून आकार बघतो. मी लहान असताना मोठ्या पाट्या उलट्या करता येत नसत. तेव्हा अण्णा मला रस्त्याच्या पलीकडे उभं करायचे आणि ओरडून विचारायचे, "कोणतं अक्षर पडतंय?" मला वाचता येण्याआधीपासून मी ते काम करत होते. माझ्या मुलीने मोबाइलवर फोटो काढला आणि तो आरशासारखा उलटा केला. अण्णांनी तो हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि 'क'च्या उजव्या वळणावर बोट ठेवलं. ते वळण पुढच्या 'ल'च्या फार जवळ गेलं होतं. हा उपाय चांगला आहे, असं त्यांनी लगेच कबूल केलं, आणि आता ते स्वतःच तिचा मोबाइल मागतात.

रंगवायच्या सकाळी ऊन चढायच्या आत काम सुरू झालं. उन्हात इनॅमल ब्रशवरच घट्ट होतं. काळा रंग गाळून घेतला आणि त्यात थोडं थोडं टर्पेंटाइन घातलं. काडी बुडवून उचलली की रंग आधी धारेने आणि मग थेंबाथेंबाने पडला पाहिजे. नुसती धार लागली तर रंग जाड आहे. तो ओढताना ब्रश अडतो आणि रेघेत केसांच्या चऱ्या राहतात. लगेच थेंब पडले तर पातळ आहे, रेघेची कड फुटते आणि खालचा पिवळा दिसतो. मुलीने आधी एका जुन्या डब्याच्या झाकणावर रेघ ओढून पाहिली. चऱ्या आपोआप मिटून रेघ सपाट झाली, तेव्हा पाटीकडे वळली.

क्रम अण्णांचा स्वतःचा आहे. आधी सगळे दांडे, मग अक्षरांची अंगं, मग उकार आणि वेलांटी, आणि शिरोरेघ अगदी शेवटी. दीड इंचाचा दांडा एका ओढीत होत नाही. दोन्ही कडा ओढून मधे भरतात. कड ओढताना मुलगी श्वास रोखून धरत होती. अण्णांनी सांगितलं, सोडत ओढ. दांड्यांची वरची टोकं थोडी ओबडधोबड राहिली, ती शिरोरेघेखाली झाकली जाणार होती. शिरोरेघ शेवटी ठेवण्याचं एक कारण तेच.

उकार पुसावा लागला. तिने तो पूर्ण जाडीत शेवटापर्यंत नेला आणि 'दु' खाली ओढल्यासारखा दिसू लागला. फडक्याने पुसला. पिवळा रंग जसाच्या तसा राहिला. दुसऱ्या वेळी तिने शेवटाकडे ब्रश हळूहळू उचलत नेला आणि उकार टोकाला निमुळता झाला.

शिरोरेघेसाठी अण्णा खुर्चीवरून उठले, पण ब्रश तिच्याच हातात राहिला. 'सायकल'ची शिरोरेघ जवळजवळ तीन फुटांची. ब्रशमध्ये एवढा रंग राहत नाही, त्यामुळे मधे थांबावं लागतं, आणि थांबलं तिथे जोड दिसतो. अण्णांनी तिला तीन दांड्यांवर बोट टेकवून दाखवलं. थांबायचं ते फक्त दांड्याच्या माथ्यावर. तिथे आडवा आणि उभा रंग एकमेकांत मिसळतो आणि जोड हरवतो. ती 'सा'च्या कान्यावर थांबली, 'य'च्या दांड्यावर थांबली, 'क'च्या दांड्यावर थांबली, आणि मग 'ल'च्या पुढे शिरोरेघ पाव इंच बाहेर काढून संपवली. तोपर्यंत दोन फुटांवरूनही ती सुटी अक्षरं वाटत होती. रेघ पूर्ण झाल्यावर तो शब्द झाला.

ब्रश धुणं हेही तिचंच काम. आधी टर्पेंटाइनमध्ये, मग दुसऱ्या स्वच्छ टर्पेंटाइनमध्ये, पत्र्याच्या पट्टीपाशी केसांच्या मुळात अडकलेला रंग बोटाने दाबून बाहेर काढत. तिथे रंग वाळला की केस फाकतात आणि तो ब्रश पुन्हा कड धरत नाही. शेवटी तेलाचा हात लावून केस चिमटीत चपटे केले आणि ब्रश आडवा ठेवला.

सायकलवाले पाटी न्यायला आले तेव्हा त्यांनी दुसरी चिठ्ठी दिली. दाराजवळ लावायला एक छोटी पाटी हवी आहे, त्यावर नुसतं 'पंक्चर'. मुलीने तिथेच चिठ्ठीच्या मागे घरं मांडली: 'पं'ला एक, अर्ध्या 'क्'ला पाऊण, 'च'ला एक, 'र'ला पाऊण. साडेतीन. मग तिची पेन्सिल अडली. अर्ध्या 'क्'चा उजवा भाग पुढच्या 'च'मध्ये शिरतो, तर मधे जागा किती ठेवायची? आणि अनुस्वाराचा ठिपका दांड्याच्या जाडीएवढा की त्याहून मोठा? अण्णा म्हणाले, दोन्ही काढून बघ आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहा. ती मला म्हणाली, "आई, तू जा ना पलीकडे, तुला सवय आहे."